‘वरील विषयास अनुसरून’ वगळल्यावर अर्जाच्या पहिल्या वाक्यात काय लिहायचं?

जाहिरात ४ मे २०२५ च्या रविवारच्या अंकात आली. चौकट लहान, मजकूर चार ओळींचा: ‘सार्वजनिक न्यासास लेखापाल पाहिजे. बी.कॉम., टॅली आवश्यक. न्यासाच्या हिशोबाचा अनुभव असल्यास प्राधान्य. अर्ज पोस्टाने व ईमेलने १४ मेपर्यंत.’ खाली पत्ता आणि एक मोबाइल नंबर. संस्था कोल्हापूर जिल्ह्यातली, शाळा आणि वसतिगृह चालवणारी. मी सांगलीत औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशोब बघत होते आणि बदल हवा होता. बायोडाटा तयारच होता, तो पोस्ट-ईमेलने पाठवायला तासभर पुरला असता. वेळ खाल्ला तो अर्जाच्या पहिल्या वाक्याने. ते वाक्य कसं ठरलं आणि पुढे त्याचं काय झालं, ते क्रमाने लिहिते. लेखापालाच्या जागेचं उदाहरण आहे, पण पद्धत दुसऱ्या कामालाही लावता येते.

आपल्याकडे बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर अर्जाचा एक नमुना पडलेला असतो. माझ्याकडचा असा होता:

प्रति,
मा. अध्यक्ष, …
विषय : लेखापाल पदासाठी अर्ज.
संदर्भ : दैनिकातील दि. ४ मे २०२५ रोजीची जाहिरात.
महोदय,
वरील विषयास अनुसरून, आपल्या संस्थेने दि. ४ मे २०२५ रोजी दैनिकात प्रसिद्ध केलेल्या जाहिरातीनुसार लेखापाल या पदासाठी मी आपणांकडे अर्ज सादर करीत आहे.

हे नीट वाचलं की दिसतं, पद विषयात लिहिलंय, जाहिरातीची तारीख संदर्भात लिहिलीय, आणि पहिलं वाक्य तेच दोन्ही पुन्हा सांगतं. पाकिटावर ‘लेखापाल पदासाठी अर्ज’ असं लिहिलं असेल तर पद तिसऱ्यांदा. मराठी पत्राच्या साच्यात विषय आणि संदर्भ या दोन ओळी आहेत हा खरं तर आपला फायदा. कोणत्या जागेसाठी, कुठल्या जाहिरातीवरून, ही कारकुनी माहिती तिथेच संपते आणि ‘महोदय’नंतरची ओळ मोकळी राहते. तिथे कामाचं काही लिहिता येतं, आणि वाचणारा ताजा असतो तोही तिथेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सरकारी भरती, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा यांचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात किंवा पोर्टलवर असतो. तिथे रकाने भरायचे आणि नमुन्यात ‘अनुसरून’ छापलेलं असेल तर ते तसंच ठेवायचं. तिथली छाननी गुण, आरक्षण आणि कागदपत्रांवर होते, पहिल्या वाक्याला तिथे काही काम नाही. पुढचं सगळं खासगी कंपन्या, न्यास, पतसंस्था, दवाखाने, दुकानं अशा ठिकाणांसाठी, जिथे कोणीतरी माणूस अर्ज हातात घेऊन वाचतो.

वाक्य लिहायला बसण्याआधी जाहिरात पुन्हा वाचली. ‘आवश्यक’ शब्दाबरोबर जे असतं ते अर्ज करणाऱ्या बहुतेकांकडे असणारच. बी.कॉम. सगळेच असणार, टॅलीही सगळ्यांना येत असणार. त्यामुळे ‘मी बी.कॉम. असून मला टॅली येते’ असं उघडणारा अर्ज बाकीच्यांपेक्षा वेगळा होत नाही. गठ्ठा चाळला जातो तो ‘प्राधान्य’वाल्या ओळीवर. इथे ती ओळ होती ‘न्यासाच्या हिशोबाचा अनुभव’. पहिल्या वाक्याने उत्तर द्यायचं ते याच ओळीला.

पण न्यासाचा हिशोब म्हणजे बरंच काही. लेखापरीक्षणाची तयारी, धर्मादाय कार्यालयात द्यायचे ताळेबंद, अनुदानाचा वापर दाखवणारे दाखले, देणगी पावत्या, टीडीएस. यातलं त्यांना आत्ता काय टोचतंय ते जाहिरातीत कळत नाही. म्हणून सोमवारी सकाळी अकराच्या पुढे दिलेल्या नंबरवर फोन केला. सकाळी दहाला करू नये, शाळा भरण्याची गडबड असते. मे महिना असला तरी कार्यालय तेव्हाच उघडत असतं. फोनवर विचारायचा प्रश्न आधी लिहून ठेवला होता, कारण ‘पगार किती’ हा प्रश्न तोंडातून आधी निघतो.

‘‘नमस्कार सर, लेखापालाच्या जाहिरातीसाठी फोन केलाय. नवीन माणसाला आल्या आल्या मुख्य काम कोणतं बघावं लागेल?’’

पलीकडचे गृहस्थ मोकळे निघाले. ‘‘काय सांगू मॅडम, आमचे आधीचे काका मार्चमध्ये निवृत्त झाले. देणग्यांचं ते ऑनलाइन असतं ना, मे अखेरचं, ते राहिलंय. पावत्या आहेत सगळ्या, पण पुस्तकं तीन ठिकाणी. शाळेचं वेगळं, वसतिगृहाचं वेगळं.’’

‘‘फॉर्म १०बीडी म्हणताय का?’’

‘‘तेच ते. टेन बीडी.’’

फोन दोन-तीन मिनिटांत संपला आणि पहिल्या वाक्याचा विषय हातात आला. ज्यांना हा फॉर्म माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, २०२५ च्या नियमांप्रमाणे: आयकराच्या कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या संस्थेने वर्षभरात कोणी किती देणगी दिली याची यादी ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर द्यायची असते. प्रत्येक देणगीदारामागे नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती रोख आली की बँकेतून, हे भरावं लागतं. त्यावरून फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र निघतं, ते देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. रक्कम मोठी वाटत नसली तरी खरी अडचण वेगळी असते. प्रमाणपत्र नाही मिळालं तर देणगीदाराची करसवलत अडते आणि पुढच्या वर्षी तो देणगी देताना हात आखडता घेतो. संस्थेला भीती त्याची असते.

हे काम मी केलेलं होतं, पण नोकरीत नव्हे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा हिशोब मी सुट्टीच्या दिवशी बघत असे. बायोडाटात ते शेवटच्या पानावर ‘इतर’ या मथळ्याखाली एका ओळीत पडलं होतं. असं पुष्कळांचं होतं. पगाराची नोकरी वर आणि बिनपगारी काम तळाला, मग या जागेला जुळणारं काम कोणतंही असो. बायोडाटाचा क्रम तसाच राहू द्यावा, तो तारखांवर चालतो. अर्जाच्या पहिल्या वाक्यावर तसं बंधन नाही. सगळ्यात जुळणारं काम तळातून उचलून तिथे आणता येतं.

वाचनालयाच्या सचिवांना फोन करून विचारलं, ‘‘काका, अर्जात देणगीदारांचे आकडे लिहिले तर चालतील का? नाव कुणाचंच लिहिणार नाही.’’ ते म्हणाले, ‘‘आकडे लिही की, त्यात काय लपवायचंय. वार्षिक अहवालात छापलेतच.’’ हे विचारणं गरजेचं आहे. आहे त्या मालकाची उलाढाल, ग्राहकांची नावं, थकबाकी असलं काही अर्जात टाकलं तर नव्या ठिकाणचा माणूस हाच विचार करतो की ही बाई उद्या आमचेही आकडे बाहेर सांगेल. घाऊक व्यापाऱ्याकडचे आकडे म्हणून मी लिहिलेच नाहीत.

मग प्रत्यक्ष वाक्य. कागदावर एकाखाली एक लिहीत गेले.

‘मी एक मेहनती, प्रामाणिक व जबाबदार लेखापाल असून मिळालेल्या संधीचे सोने करीन.’ जाहिरातीची ओळ काढली की तिच्या जागी आपोआप येणारं वाक्य हे. त्याची परीक्षा सोपी आहे. खाली दुसऱ्या कुणाचंही नाव लिहून बघायचं. वाक्य तरीही तसंच खरं वाटलं तर ते खोडायचं. प्रामाणिकपणा हिशोबाच्या माणसाकडे असणारच असं धरलेलं असतं. तो मुद्दाम सांगितला की उलट शंका येते.

‘आपल्या नामांकित संस्थेचे शैक्षणिक कार्य मी अनेक वर्षे ऐकून आहे.’ यात संस्थेबद्दल त्यांना आधीच माहीत असलेलं त्यांनाच सांगितलंय, माझ्याबद्दल काहीच नाही. शिवाय पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कोणतं कार्य?’

‘मला लेखा क्षेत्रातील नऊ वर्षांचा अनुभव आहे.’ हे वरच्या दोन्हींपेक्षा बरं, खोटं नाही आणि मोजता येतं. पण नऊ वर्षं कसली, ते वाक्य सांगत नाही. बायोडाटात ती वर्षं तारखांसह आहेतच, म्हणजे पुन्हा दुहेरी काम.

प्रश्नार्थक सुरुवातही लिहून बघितली: ‘३१ मेची मुदत पाळणारा लेखापाल आपल्याला हवा आहे का?’ वाचताना भिंतीवरच्या क्लासच्या जाहिरातीसारखं वाटलं. त्यात एक धोकाही होता. फोनवर त्या गृहस्थांनी विश्वासाने सांगितलेली अडचण अध्यक्षांच्या तोंडावर मारल्यासारखं होतं, आणि ते बिचारे अडचणीत आले असते. फोनवर कळलेलं वापरायचं ते आपलं कुठलं काम पुढे करायचं हे ठरवायला. त्यांची अडचण त्यांच्याच पत्रात लिहून पाठवायची नाही.

मग मुद्द्याचं काम घालून लिहिलं:

‘आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या विनंतीवरून गेल्या दोन वर्षांपासून वाचनालयास प्राप्त होणाऱ्या देणग्यांच्या पावत्यांची पॅन क्रमांकासह तपासणी करून आयकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म १०बीडी मुदतीत दाखल करण्यात आलेला आहे.’

माहिती सगळी आली, पण वाक्य वाचवत नाही. कारण तपासलं तर तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही आपल्या कार्यालयीन मराठीत नेहमी होतात.

पहिली, कामाचं नाव फार उशिरा येतं. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे वाचणाऱ्याला काय केलं ते कळायला टोकापर्यंत जावं लागतं. ते टाळता येत नाही, पण मधलं अंतर कमी करता येतं, आणि ज्या शब्दावर त्याची नजर थांबायला हवी तो शब्द सुरुवातीला आणता येतो. इथे तो शब्द ‘फॉर्म १०बीडी’. या जागेच्या संदर्भात तो बघितल्यावर खजिनदार पुढचं वाचणारच. वाचनालयाची कार्यकारिणी, त्यांची विनंती हे पहिल्या वाक्यातून पूर्ण काढलं तरी काही बिघडत नाही.

दुसरी, ‘करण्यात आलेला आहे’. कोणी केला? या रचनेत करणारा माणूस गायब होतो. अर्जात तर तोच सांगायचा असतो. ‘मी’ लिहायला संकोच वाटतो हे खरं, उद्धट वाटेल अशी धास्ती असते. पण ‘मी … तयार करते’ यात उद्धट काही नाही. उद्धटपणा विशेषणांनी येतो, साध्या क्रियापदाने येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, ‘दाखल’. पोर्टलवर फॉर्म १०बीडी दाखल होतो तो संस्थेचं विवरणपत्र सत्यापित करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीने, म्हणजे डिजिटल सही किंवा ओटीपीने. वाचनालयाच्या बाबतीत ते काम सचिव करत. माझं काम पावत्या जुळवणं, चुकलेले पॅन शोधणं, पोर्टलवरून घेतलेल्या साच्यात ओळी भरून सीएसव्ही फाइल तयार करणं, आणि ती सीएंना दाखवणं. ‘दाखल केला’ असं मी लिहिलं असतं तर मुलाखतीत ‘सही कोणाची?’ या एका प्रश्नात ते कोसळलं असतं. पहिल्या वाक्यातलं क्रियापद आपल्या वाट्याच्या कामाएवढंच ठेवावं. तयार केलं, जुळवलं, तपासलं, नोंदवलं, वसूल केलं ही सगळी चांगली आणि ठाम क्रियापदं आहेत. ‘सांभाळलं’, ‘हाताळलं’, ‘सहभाग घेतला’ यांतून नेमकं काय केलं ते कळत नाही, आणि हिशोबाच्या माणसाला ते लगेच खटकतं.

शेवटी पाठवलेली सुरुवात ही:

‘फॉर्म १०बीडीसाठी देणगीदारांची यादी मी गेली दोन वर्षे एका सार्वजनिक वाचनालयासाठी तयार करते. गेल्या वर्षी ३१८ देणगीदारांपैकी ४१ जणांचा पॅन पावतीवर नव्हता. त्यांपैकी ३९ जणांचा पॅन किंवा आधार क्रमांक मी फोन करून मिळवला. सध्या औषधांच्या घाऊक व्यापारात खरेदी नोंदी, बँक जुळवणी व जीएसटीचे काम टॅलीवर पाहते.’

पहिल्या वाक्यात शब्द जेमतेम तेरा. आकडे मुद्दाम पुढच्या वाक्यांत ढकलले. एकाच वाक्यात फॉर्मचं नाव, वर्षं, तीन आकडे आणि वाचनालय कोंबलं होतं तेव्हा मोठ्याने वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागत होता. मोठ्याने वाचणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त तपासणी. श्वास तुटतो तिथे पूर्णविराम.

३९ ऐवजी ‘सर्वांचे’ लिहायचा मोह होतो. पण दोघांचा क्रमांक मिळालाच नव्हता, आणि ज्याने हे काम केलंय त्याला माहीत असतं की शंभर टक्के कधीच मिळत नाहीत. एखादा देणगीदार गावाला गेलेला असतो, एखादा म्हणतो ‘मला नको तुमची सवलत’. दोन शिल्लक दाखवणारा आकडाच खरा वाटतो. चौथं वाक्य ‘आवश्यक’वाल्या ओळीसाठी. टॅली तिथे आली, पण ओघात.

त्याच आठवड्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याची लेखापालाचीच जाहिरात दिसली. तिथेही अर्ज केला. बायोडाटा तोच, पण हे पहिलं वाक्य तिथे निरुपयोगी होतं, कारखान्याला देणगीदारांशी काय देणंघेणं. त्यांच्या जाहिरातीत प्राधान्य होतं ‘आयटीसी जुळवणी’ला, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, इनपुट क्रेडिट, जुळवण्याला. म्हणून तिथे लिहिलं: ‘दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी आला की तो खरेदी नोंदवहीशी जुळवून फरकांची यादी मी पुरवठादारनिहाय काढते.’ जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांचा तक्ता. पुरवठादाराने बिल दाखवलं नाही तर आपलं इनपुट क्रेडिट अडतं आणि २० तारखेच्या ३बी या विवरणपत्रात जास्त कर रोखीने भरावा लागतो, हे कारखान्याच्या लेखा विभागाला समजावून सांगायची गरज नसते. तारीख लिहिली की पुरे. तिकडून मात्र उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही. चांगल्या वाक्यालाही उत्तर येईलच असं नसतं. जागा आतल्या आत भरलेली असू शकते.

ज्याच्याकडे नोकरीचा अनुभवच नाही त्याने काय लिहायचं, हा प्रश्न माझ्या मामेभावाने तेव्हाच विचारला. त्याने आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड केलाय आणि अप्रेंटिसचं वर्ष नुकतंच संपलं होतं. त्याच्या अर्जाची सुरुवात ‘मी फ्रेशर असून मला शिकण्याची खूप इच्छा आहे’ अशी होती. मी विचारलं, ‘‘अरे, वर्षभर रोज काय करायचास?’’ तो म्हणाला, ‘‘लेथवर शाफ्ट टर्न करायचो आणि डाया मोजायचो, अजून काय.’’ त्यातूनच वाक्य निघालं: ‘अप्रेंटिसच्या वर्षात मी लेथवर शाफ्ट टर्न करून प्रत्येक नगाचा व्यास मायक्रोमीटरने मोजत असे, टॉलरन्सबाहेरचा नग वेगळा ठेवून त्याची नोंद शिफ्टच्या रजिस्टरात करत असे.’ यातला दुसरा भाग त्याला लिहावासा वाटत नव्हता, ‘खराब नग कशाला सांगायचे’ म्हणून. सुपरवायझरला हवा असतो तो नेमका असाच मुलगा, जो खराब नग चांगल्यात मिसळत नाही.

आता पाठवण्याचा भाग, कारण वाक्य चांगलं असूनही इथे वाया जाऊ शकतं.

टायपिंग युनिकोडमध्येच करावं. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून वर्डची फाइल पाठवली तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो आणि पहिल्या ओळीपासून अगम्य चिन्हं दिसतात. मी पीडीएफ केली आणि ती मोबाइलवर उघडून बघितली. जोडाक्षरं, विशेषतः ‘र्म’ आणि ‘द्य’, नीट आलीत का ते तिथे कळतं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं, `Arj_Lekhapal_May2025.pdf` असं, कारण देवनागरी नाव काही ठिकाणी डाउनलोड करताना बिघडतं.

ईमेलमध्ये ‘प्रति, मा. अध्यक्ष’ हा सगळा मायना मजकुरात टाकला नाही. इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी ईमेलचे पहिले काही शब्द फिकट दिसतात, आणि ती जागा पत्त्यात जाते. विषयात लिहिलं ‘अर्ज : लेखापाल, जाहिरात दि. ४ मे २०२५’ आणि पुढे माझं नाव. म्हणजे विषय आणि संदर्भ दोन्ही तिथेच उरकले. मजकूर ‘नमस्कार.’ नंतर थेट ‘फॉर्म १०बीडीसाठी देणगीदारांची यादी मी…’ असा. मायना, सही, सगळं पीडीएफमध्ये. स्वतःला एक चाचणी ईमेल पाठवून मोबाइलवर किती शब्द दिसतात ते बघितलं. पहिले चार-पाचच दिसत होते, पण त्यात फॉर्मचं नाव आलं होतं.

पोस्टाचा अर्ज ९ मेला स्पीड पोस्टने पाठवला. प्रिंट आणि झेरॉक्स मिळून साठेक रुपये आणि पोस्टाचे एक्केचाळीस. १४ तारीख ही ‘पोहोचण्याची’ की ‘पाठवण्याची’ हे जाहिरातीत नव्हतं, म्हणून पोहोचण्याची धरली. अर्ज एका पानाचा ठेवला. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती: ‘सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागेल.’

मग वाट बघणं. या दिवसांत रोज तो अर्ज उघडून वाचावासा वाटतो आणि प्रत्येक वेळी एखादा शब्द खुपतो. मला ‘एका सार्वजनिक वाचनालयासाठी’मधला ‘एका’ खुपत राहिला, नाव का नाही लिहिलं म्हणून. पण नाव बायोडाटात होतं. १४ तारखेनंतर दोन दिवसांनी ‘अर्ज मिळाला का’ एवढंच विचारणारा फोन केला. ‘‘मिळालाय मॅडम, सरांकडे फाइल गेलीय,’’ इतकं उत्तर आलं. एवढा एक फोन पुरे, रोज करू नये.

१९ मेला मुलाखतीचा ईमेल आला. त्याचं पहिलं वाक्य ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ असंच होतं. त्यांना ते शोभतं, ते शेकडो पत्रं लिहितात.

मुलाखत २२ मेला, गुरुवारी. समोर तिघे, पैकी बोलले मुख्यतः खजिनदार, निवृत्त बँक अधिकारी वाटले. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता आणि ४१ या आकड्याभोवती पेन्सिलीचं गोल होतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ वगैरे झालंच नाही. त्यांनी थेट विचारलं, ‘‘एकोणचाळीस मिळाले म्हणता. दोघांचं काय केलंत?’’

मी सांगितलं की ओळख क्रमांकाशिवाय ती ओळ फॉर्ममध्ये जात नाही, त्यामुळे ते दोघे यादीत आले नाहीत. रक्कम मात्र जमेत पूर्ण दाखवली, नाव-पत्ता पावतीवर होता, आणि तुम्हाला प्रमाणपत्र मिळणार नाही असं दोघांना पत्राने कळवून त्याची प्रत फाइलला लावली.

‘‘पत्र कोणाच्या सहीचं?’’

‘‘सचिवांच्या. मसुदा मी केला.’’

‘‘आणि एकाच माणसाने दोनदा दिली असेल तर?’’

‘‘पॅनवर एकत्र करून. म्हणून पावत्या ३१८ पेक्षा जास्त होत्या, देणगीदार ३१८. पण देण्याची पद्धत वेगळी असेल, एक रोख आणि एक चेक, तर ओळी वेगळ्या ठेवल्या.’’

यानंतर टॅलीवर एक छोटी नोंद करून दाखवायला सांगितली आणि पगारावर आले. पहिलं वाक्य लिहिताना ही एक गोष्ट धरूनच चालायची: जे लिहाल त्यावर पहिला प्रश्न येणार, आणि त्याच्या पोटातले दोन-तीन पुढचे प्रश्नही. मी मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचनालयाची जुनी फाइल मागवून ती दोन पत्रं पुन्हा बघून घेतली होती. ज्या वाक्याखालचे तपशील आता आठवत नाहीत ते काम कितीही मोठं असलं तरी सुरुवातीला घेऊ नये. त्यापेक्षा लहान पण ताजं काम घ्यावं.

त्यांना माणूस लगेच हवा होता, ३१ मेच्या आधी. महिन्याच्या पूर्वसूचनेची ओळ अर्जात असल्याने त्यावर ओढाताण झाली नाही. त्या वर्षीचा फॉर्म त्यांच्या सीएंनीच करून घ्यायचं ठरलं, आणि मला नेमणूक पत्र मिळालं ते २३ जूनपासूनचं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं, आधीच्या मालकाचं कार्यमुक्तीचं पत्र, पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि दोन फोटो मागितले. वाचनालयाच्या कामाचा दाखलाही मागितला, सचिवांच्या सहीचा, त्यात ‘१०बीडीची यादी तयार करणे’ हे शब्द हवेत असं सांगून. तो काकांकडून तेव्हा घेतला. अर्ज करतानाच घेऊन ठेवला असता तरी चाललं असतं, बिनपगारी कामाचा कागद बहुतेकांकडे नसतो आणि ऐनवेळी सचिव बाहेरगावी असतात.